एका मजुरीचं पाचपट उत्पन्न कसं होतं? उत्पन्न गुणक समजून घेऊ

अर्थशास्त्राच्या स्लाइडवर तुम्ही एक तक्ता पाहिला असेल. पहिल्या ओळीत १०,००० रुपये, खाली ८,०००, त्याखाली ६,४००, मग तीन टिंबं आणि शेवटी एकदम ५०,०००. परीक्षेपुरतं सूत्र पाठ होतं, पण त्या तीन टिंबांत नेमकं काय घडतं हे बऱ्याचदा राहूनच जातं. 'सरकारने इतके कोटी खर्च केले, त्याचे पाचपट होणार' असे दावे याच तक्त्यावर उभे असतात. त्यामुळे तो एकदा नीट उलगडून पाहायला हवा.

सुरुवात एका पेमेंटने

समजा, एका गावात पाझर तलावाचं काम निघालं आणि त्यावर राबलेल्या एका मजूर कुटुंबाच्या खात्यात १०,००० रुपये मजुरी जमा झाली. हे कुटुंब वाढीव उत्पन्नातल्या दर रुपयामागे ८० पैसे खर्च करतं आणि २० पैसे मागे ठेवतं, असं धरू. या ८० पैशांच्या प्रमाणाला पुस्तकात 'सीमांत उपभोग प्रवृत्ती' म्हणतात. नाव जड आहे, अर्थ साधा: हातात एक रुपया जास्त आला तर त्यातला किती खर्च होतो.

आता कुटुंबाने खर्च केलेले ८,००० रुपये कुणाचं तरी उत्पन्न झाले. दुकानदार, शिंपी, दूधवाला. तेही त्यातले ८० टक्के खर्च करतात, म्हणजे ६,४०० रुपये. ते आणखी कुणाचं तरी उत्पन्न. साखळी अशी पुढे जाते:

पहिली फेरी: १०,००० रुपये उत्पन्न
दुसरी फेरी: ८,०००
तिसरी फेरी: ६,४००
चौथी फेरी: ५,१२०
पाचवी फेरी: ४,०९६

पाच फेऱ्यांची बेरीज ३३,६१६ रुपये. दहा फेऱ्यांनंतर ती साधारण ४४,६०० वर पोचते आणि पुढे ५०,००० च्या जवळ जवळ सरकत राहते, पण ते ओलांडत नाही. कारण प्रत्येक फेरीत एक पंचमांश रक्कम बचतीत जाते आणि पुढची फेरी तेवढी लहान होते. सूत्र इतकंच आहे: १ ÷ (१ − ०.८) = ५. सगळ्या फेऱ्यांमधल्या बचतीची बेरीज केली तर ती बरोबर १०,००० भरते. सुरुवातीची सगळी रक्कम कुणाच्या ना कुणाच्या बचतीत जाऊन बसली की साखळी थांबते.

ही फेऱ्यांची मांडणी रिचर्ड कान या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९३१ साली केली. तेव्हा ब्रिटनमध्ये प्रचंड बेकारी होती आणि त्याचा प्रश्न रोजगाराचा होता: रस्त्याच्या कामावर एक माणूस लावला तर इतरत्र आणखी किती जणांना काम मिळेल? पुढे १९३६ मध्ये केन्सने हा विचार उत्पन्नाला लावला.

मग व्हॉट्सअॅपवरची ती ५०० ची नोट?

एक गोष्ट वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत असते. पर्यटक लॉजच्या काउंटरवर ५०० ची नोट ठेवून खोली बघायला जातो. मालक ती घेऊन किराणावाल्याची उधारी फेडतो, किराणावाला दूधवाल्याची, दूधवाला लॉजवाल्याची. खोली न आवडल्याने पर्यटक नोट घेऊन निघून जातो आणि सगळ्या गावाची उधारी फिटलेली असते.

गोष्ट मजेशीर आहे, पण हा गुणक नाही. इथे नवीन काही विकलं गेलं नाही, नवीन काम झालं नाही. जुनी देणी एकमेकांत वजा झाली, एवढंच. गुणकात प्रत्येक फेरीला नवं काम किंवा नवा माल लागतो. मोजायचं ते उत्पन्न, नोट किती हात फिरली ते नव्हे.

विक्री म्हणजे उत्पन्न नव्हे

स्लाइडमधला सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. कुटुंबाने किराणा दुकानात १,००० रुपये दिले म्हणजे दुकानदाराचं उत्पन्न १,००० ने वाढलं का? नाही. त्यातले बरेचसे पैसे तेल, साखर, साबण घेऊन येणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याकडे जातात. दुकानदाराकडे उरतो तो नफा आणि नोकराचा पगार. बाकीचे पैसे गावाबाहेर कुणाचं तरी उत्पन्न होतात, पण गावाच्या हिशेबात ती गळती आहे.

आपल्याच गावाचा हिशेब पुन्हा करू. खर्चाच्या दर रुपयातले फक्त ४० पैसे गावातल्या कुणाचं तरी उत्पन्न होतात, असं धरू. मजुरी १०,०००, खर्च ८,०००, पण गावातलं नवं उत्पन्न ३,२००. त्यातून खर्च २,५६०, गावात उरले १,०२४. पुढच्या फेरीत सुमारे ३२८, त्यापुढे १०५. चार-पाच फेऱ्यांतच साखळी विझते आणि एकूण बेरीज होते सुमारे १४,७०० रुपये. म्हणजे गुणक पाच नाही, दीडच्या आसपास. कुटुंब तेच, सवयही तीच. बदलली ती फक्त हिशेबाची हद्द. राज्य किंवा देश हद्द धरली तर आकडा वाढतो, कारण घाऊक व्यापारी आणि कारखाना आत येतात. मग आयात आणि कर या गळत्या उरतात. म्हणून कुणी गुणक सांगितला की पहिला प्रश्न विचारावा: कुणाच्या उत्पन्नाचा?

आणखी एक बारीक फरक. १०,००० रुपये मजुरी म्हणून दिले तर पहिल्याच फेरीत तलावाचं काम झालेलं असतं. तेच पैसे अनुदान म्हणून दिले तर नवं उत्पादन दुसऱ्या फेरीपासून सुरू होतं, त्यामुळे स्लाइडच्या हिशेबात ५०,००० ऐवजी ४०,००० च धरायला हवेत.

प्रत्यक्षात कुणी मोजलंय का?

केनियाच्या सियाया भागात २०१४ नंतर एका संस्थेने १०,००० हून अधिक गरीब कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर दिले. कोणत्या गावांना द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, त्यामुळे पैसे मिळालेली आणि न मिळालेली गावं ताडून पाहता आली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्थानिक गुणक सुमारे २.५ निघाला. संशोधकांनी तो खर्चाच्या बाजूने मोजला आणि उत्पन्नाच्या बाजूनेही. दोन्ही आकडे जवळपास जुळले. पैसे न मिळालेल्या कुटुंबांचा खर्चही वाढला. दुसरी-तिसरी फेरी खरोखर घडली, याची ती खूण.

पण या आकड्यामागे एक अट आहे. किमती तिथे सरासरी ०.१ टक्क्याच्या आसपासच वाढल्या. याचं एक कारण असं दिसतं की दुकानं आणि छोटे धंदे पूर्ण क्षमतेने चालत नव्हते. गिऱ्हाईक वाढलं तरी त्याच गाळ्यात, त्याच माणसांत जास्त काम निभावलं. हे नसेल तर तक्ता फसवतो. गावातले सगळे गवंडी आधीच कामात गुंतलेले असतील तर तिसऱ्या फेरीतल्या पैशाने एकही भिंत जास्त उभी राहत नाही, फक्त गवंड्याची रोजची मजुरी ८०० ची १,००० होते. गवंड्याचं उत्पन्न वाढलेलं दिसतं, पण आधीपासून घर बांधत असलेल्या शेजाऱ्याला तीच भिंत महाग पडते.