उंच टाकी व चिमणी यांचा राफ्टवरील कल

राफ्टवर, म्हणजे काँक्रीटच्या एकाच सलग जाड थाळीवर उभी असलेली पाण्याची टाकी किंवा चिमणी पायासकट एका अंगाला झुकते, तेव्हा त्याला कल म्हणतात. वरच्या बांधकामाला बहुधा काहीच झालेले नसते. कॉलम सरळ असतात, ब्रेसिंगला तडा नसतो, टाकी गळत नसते. राफ्ट ताठ असल्यामुळे तो वाकत नाही. एका बाजूची माती जास्त दबली किंवा फुगली की तो ताटलीसारखा तिरका होतो आणि वरचे सगळे त्याच्याबरोबर तिरके होते. इमारतीत असमान खचण्याची खबर भिंतीतल्या भेगा देतात. येथे भेगच पडत नाही, म्हणून कल वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुका या विषयाच्या अभ्यासाला फार योग्य आहे, कारण तेथील जमीन थोड्या अंतरात बदलते. उत्तरेला सातपुड्याचा पायथा असून डोंगरातून उतरलेल्या नाल्यांनी तेथे दगडगोटे, वाळू व माती यांची सरमिसळ पसरवली आहे. दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्याचा गाळ लागतो. त्याच्या वरच्या थरात खोल काळी माती, खाली चिकणमाती आणि मध्येमध्ये वाळूचे पट्टे असतात. हाच खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारे असल्याने जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील १४० गावांसाठी वान धरणावरून पाणीपुरवठा योजना आखली गेली. अशी योजना म्हणजे गावोगावी उंच टाक्या, आणि त्या टाक्यांना मिळणारी जमीन हीच. पायथ्याजवळच्या भागात राफ्टची एक कड गोट्यांच्या थरावर आणि दुसरी नाल्याने भरून टाकलेल्या जुन्या मातीवर येऊ शकते. दक्षिणेला जमीन वरून एकसारखी दिसते, पण काळ्या मातीत ओल सगळीकडे सारखी नसते.

गावठाणातील पांढरीची गोष्ट वेगळी सांगावी लागते. टाकीसाठी गावातली उंच जागा निवडण्याकडे कल असतो, आणि वऱ्हाडात उंच जागा म्हणजे बऱ्याचदा पिढ्यान्‌पिढ्या साचलेल्या राखेची, मोडक्या घरांच्या मातीची पांढरी. तिच्यात बुजलेली पेवे व आड निघतात. राफ्टच्या मधोमध एकच बोअर घेऊन माती तपासली तर कडेखालचे पेव सापडत नाही. माझ्या मते अशा जागी मध्यभागातील एका खोल बोअरपेक्षा राफ्टच्या परिघावर घेतलेले तीन-चार बोअर अधिक उपयोगाचे, कारण येथे प्रश्न माती किती भार घेते एवढाच नसतो. चारी बाजूंनी ती सारखीच दबते का, हे पाहायचे असते.

नेहमीच्या मापाची एक टाकी हिशेबासाठी घेऊ. क्षमता २ लाख लिटर, टाकीचा व्यास ८ मीटर, स्टेजिंग १५ मीटर, राफ्टचा व्यास ९ मीटर, पाया जमिनीखाली २ मीटर. पाण्याचे वजन २०० टन आणि बांधकाम व राफ्टवरील माती मिळून २५० टन धरले, तर भरलेल्या टाकीचा भार ४५० टन होतो. राफ्टखाली दर चौरस मीटरला साधारण ७ टन दाब येतो. हा दाब मोठा नाही आणि बहुतेक माती तो सोसते. आता समजा एका कडेला माती २५ मिलिमीटर दबली आणि समोरच्या कडेला ४५. फरक २० मिलिमीटर, म्हणजे ४५० मध्ये १. आयएस १९०४ या भारतीय मानकाच्या १९८६ च्या आवृत्तीत राफ्टवरील पाण्याच्या टाकीसाठी ४०० मध्ये १ ही मर्यादा दिली होती. या राफ्टला ती साडेबावीस मिलिमीटर पडते. कागदावर टाकी मर्यादेत बसली.

पण गोष्ट तेथे थांबत नाही. टाकी झुकली की तिचा भारमध्यही झुकलेल्या बाजूला सरकतो. आपल्या टाकीत तो राफ्टच्या तळापासून सुमारे १४ मीटर उंच आहे, तेव्हा तो सुमारे ३१ मिलिमीटर सरकेल. ४५० टनांचे वजन तेवढे बाजूला गेल्याने आधीच दबलेल्या कडेवर आणखी दाब येतो, माती आणखी दबते, भारमध्य आणखी सरकतो. हे चक्र कोठे थांबेल ते माती परत किती ढकलते यावर ठरते. वरील आकड्यांत मातीचा प्रतिकार झुकवणाऱ्या परिणामाच्या सुमारे दहापट निघतो, म्हणून मूळ कल नवव्या हिश्श्याने वाढून थांबतो. २० मिलिमीटरचे २२ होतात आणि टाकी मर्यादेला जवळजवळ टेकते. हीच टाकी खर्च वाचवण्यासाठी ७ मीटर व्यासाच्या राफ्टवर उभी केली असती तर? प्रतिकार व्यासाच्या चौथ्या घाताने घटतो. मातीचा स्वभाव तोच धरला तरी दहापटीचे चारपटीहूनही कमी उरते आणि मूळ कल एक तृतीयांशाहून अधिक वाढतो. केवळ २ मीटर व्यास कमी केल्याचा हा परिणाम आहे, आणि मातीची भार घेण्याची ताकद तपासणाऱ्या गणितात तो दिसतच नाही. प्रतिकार झुकवण्याच्या बरोबरीला आला तर चक्र थांबतच नाही. मातीची ताकद संपलेली नसतानाही टाकी आडवी होऊ शकते. पिसाचा मनोरा शतकानुशतके झुकत राहिला, त्यामागे मऊ चिकणमाती व उंच भारमध्य यांची हीच जोडी होती.

वाऱ्याला पुष्कळदा जास्त दोष दिला जातो. आपल्या टाकीच्या चेहऱ्यावर दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो जोर धरला, तर राफ्टच्या तळाशी साधारण ९६ टन-मीटर पलटवणारा परिणाम येतो. वर काढलेल्या कलाचा स्वतःचा परिणाम फक्त १४ टन-मीटर आहे. आकडा पाहिला तर वारा सात पट बलवान. परंतु झोत काही सेकंद ते काही मिनिटे टिकतो, आणि चिकणमातीतले पाणी तेवढ्या वेळात बाहेर पडत नाही, म्हणून ती फारशी कायमची दबत नाही. ते १४ टन-मीटर मात्र रात्रंदिवस, वर्षभर एकाच कडेवर बसलेले असतात. सैल वाळू, भराव व पांढरी यांचे वागणे वेगळे आहे. तेथे प्रत्येक झोत थोडी थोडी माती दाबून जातो आणि ती पूर्ण परत येत नाही. आधीच झुकलेल्या टाकीला वारा झुकत्या बाजूला ढकलतो तेव्हा माती दबते, उलट बाजूने ढकलतो तेव्हा तितकी उठत नाही. वळवाच्या वादळात वारा जोराचा असतो पण जमीन कोरडी. पावसाळ्यात झोत आणि भिजलेली माती एकत्र येतात, आणि धोक्याचे दिवस तेच.

कलाचा उगम या भागात बहुधा पाण्याशी येऊन ठेपतो. ओव्हरफ्लोचा पाइप एका कॉलमपाशी गळतो, व्हॉल्व्हच्या हौदात पाणी साचते, वॉशआउटचे पाणी राफ्टलगतच्या चरात जिरते. काळी माती ओलीने फुगते आणि सुकली की आकसते. आयएस १९०४ च्या त्याच आवृत्तीत ऋतुमानाचा हा फेरफार दीड ते साडेतीन मीटर खोलीपर्यंत जातो असे म्हटले होते. फुगणाऱ्या काळ्या मातीचा वरचा रेटा रिकाम्या टाकीच्या दर चौरस मीटर ४ टन दाबाला सहज मागे टाकू शकतो. म्हणून काळ्या मातीत टाकी गळतीच्या उलट बाजूला, कोरड्या बाजूला झुकते. भरावात, पांढरीत किंवा सैल गाळात ओल लागली की माती बसते आणि टाकी गळतीच्या दिशेने झुकते. हा फरक ओळखूनही काळ्या मातीवरच्या खालच्या कडेला पाणी सोडण्याचा घाईचा उपाय केला, तर काही महिने बरे वाटते, मग खालचा थर मऊ पडून दोन्ही कडा खचू लागतात. खाऱ्या पाण्यातील सल्फेट व क्लोराइड जमिनीखालच्या काँक्रीटला आणि सळईला खातात, तो भाग कलाच्या तपासात वेगळा पाहावा लागतो.

कल मोजताना पहिली चूक वेळेची होते. ऊन एका अंगावर पडले की त्या बाजूचे कॉलम प्रसरण पावतात आणि टाकीचे डोके उन्हापासून दूर सरते, म्हणून मोजणी वारा पडलेला असताना पहाटे करावी. टाकी किती भरली होती ते लिहून ठेवावे, नाहीतर दोन नोंदींची तुलनाच होत नाही. ओळंबा किंवा थिओडोलाइट डोके किती झुकले ते सांगतो, पण ते पाया झुकल्याने की बांधतानाच कॉलम ओळंब्याबाहेर गेल्याने, हे सांगत नाही. त्यासाठी राफ्टवर किंवा कॉलमच्या बुडाशी चार समोरासमोरच्या ठिकाणी पक्के बिंदू बसवून लेव्हलने उंची घ्यावी लागते, आणि संदर्भाचा बिंदू काळ्या मातीवर नसावा. डोके झुकलेले आणि बुडाचे बिंदू मूळ उंचीवर असतील, तर दोष बांधकामाचा. दोन्हीकडून एकच कल निघाला, तर तो पायाचा. खरा निर्णय वेगावर ठरतो. ३०० मध्ये १ पण पाच वर्षे स्थिर असलेला कल, ६०० मध्ये १ असूनही दर पावसाळ्यात वाढणाऱ्या कलापेक्षा कमी चिंतेचा. नवी टाकी पहिल्यांदा भरताना एकदम काठोकाठ भरू नये. पाव, अर्धी, पाऊण असे टप्पे ठेवून प्रत्येक टप्प्यावर चारही बिंदू मोजावेत आणि खचणे थांबल्यावरच पुढे जावे. राफ्टखालची माती कशी आहे हे सांगणारी ही सर्वांत मोठी व स्वस्त चाचणी आहे, आणि ती पुन्हा करता येत नाही.

चिमणीचे प्रमाण वेगळे असते. तिला पाण्याचे वजन नसते, म्हणून वाऱ्याचा वाटा मोठा ठरतो आणि राफ्टची वाऱ्याकडील कड उचलली जाणार नाही हे तपासावे लागते. जुन्या विटांच्या चिमणीत आणखी एक गोष्ट पाहावी : ती सरळ रेषेत झुकली आहे की कमानीसारखी वाकली आहे. सरळ असेल तर पाया हलला आहे. वाकली असेल तर बहुधा दोष दरजांचा असतो. पावसाच्या बाजूचा चुना-सिमेंट सल्फेटने फुगतो आणि चिमणी दुसरीकडे वाकते, तेव्हा पाया कितीही भक्कम केला तरी उपयोग होत नाही.

कललेली टाकी दुरुस्त करताना आधी ती रिकामी करतात, मग गळती बंद करून पावसाचे पाणी राफ्टपासून दूर नेतात. खालच्या बाजूला जॅक लावून उचलणे धोक्याचे, कारण जोर पुन्हा त्याच दमलेल्या मातीवर येतो. उलट बाजू खाली आणणे सुरक्षित पडते. पिसात तेच केले गेले. १९९३ पासून उंच असलेल्या उत्तर बाजूवर शिशाची वजने ठेवून झुकणे रोखले, आणि १९९९ ते २००१ मध्ये त्याच बाजूच्या पायाखालून तिरकी छिद्रे पाडून थोडी थोडी माती काढली. मनोरा सुमारे अर्ध्या अंशाने मागे आला. टाकीखालीही वरच्या कडेजवळ अशी छिद्रे पाडतात, रोज मोजणी करतात आणि ठरलेल्या कलापाशी पोहोचण्याच्या थोडे आधीच थांबतात, कारण माती काढल्यानंतरही राफ्ट काही दिवस बसत राहतो. नंतर छिद्रे भरून काढतात. भुसभुशीत पांढरीत मात्र छिद्र ठरल्याप्रमाणे मिटत नाही, मनास येईल तसे ढासळते. तेथे खालच्या बाजूला पक्क्या थरापर्यंत बारीक पाइल घेऊन राफ्ट त्यांना बांधतात आणि झालेला कल तसाच ठेवतात.