भाड्याने खोली घेताय? आधी वर्षभराचं लाइट बिल आणि पाणीपट्टीची पावती मागा

मुलांच्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तालुक्याच्या गावी खोली घेताना बोलणं होतं ते भाडं आणि डिपॉझिटवर. लाइट-पाण्याचं विचारलं तर घरमालक म्हणतात, "काय नाही हो, दोन-तीनशे येतं." करार होतो, सामान येतं आणि एप्रिल-मेचं बिल हातात पडल्यावर खरा खर्च कळतो. म्हणून सही करण्याआधीच मागची बिलं बघून घ्यावीत. ती मागण्यात काही वावगं नाही. बिलाचा कागद किंवा मोबाइलवरचा फोटो मिळाला तरी काम भागतं.

एका महिन्याचं बिल पुरत नाही

घरमालकाने जानेवारीचं बिल दाखवलं तर ते कमीच दिसणार. थंडीत पंखाही बंद असतो. उन्हाळ्यात पंखे दिवसरात्र फिरतात, वर कूलर लागतो. साधा घरगुती कूलर रोज दहा तास चालला तर महिन्याला 45 ते 60 युनिट एकट्याचे होतात.

महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटला एक दर असतो आणि त्यापुढे 300 युनिटपर्यंत जवळपास दुप्पट दर लागतो. नेमके दर बदलत असतात, म्हणून इथे हिशोबापुरते 6 आणि 12 रुपये धरू. जानेवारीत 55 युनिट जळाले तर विजेचे 330 रुपये झाले. मे महिन्यात त्याच घरात 130 युनिट जळाले तर पहिल्या 100 चे 600 आणि पुढच्या 30 चे 360, म्हणजे 960 रुपये. वापर अडीच पटीच्या आत राहिला, पण पैसे जवळपास तिप्पट झाले. स्थिर आकार आणि वीज शुल्क याच्या वर येतात.

यासाठी बारा बिलं गोळा करायची गरज नाही. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांत किती युनिट वापरले तेही छापलेलं असतं. ताजं एक पूर्ण बिल मागा आणि त्यात एप्रिल-मेचा आकडा शोधा. रुपयांपेक्षा युनिट बघा, कारण रुपयांत जुनी थकबाकी किंवा आगाऊ भरलेली रक्कमही मिसळलेली असू शकते.

आकडा खरा आहे का, हे कसं ओळखायचं

सलग तीन-चार महिने अगदी सारखेच युनिट दिसले तर शंका घ्या. मीटर बंद असेल, किंवा कुलूप असल्यामुळे रीडिंग न घेता सरासरी बिल आलं असेल. चालू रीडिंग आणि मागील रीडिंग एकच असेल आणि तरीही युनिट लावलेले असतील, तर ते सरासरीचंच बिल. पुढे खरं रीडिंग घेतलं की राहिलेला फरक एकदम येतो आणि तोवर खोलीत नवा भाडेकरू असतो.

पाच-दहा युनिट दिसत असतील तर खोली तेव्हा रिकामी असावी. त्यामुळे आधी तिथे किती माणसं राहत होती, फ्रिज-कूलर होता का, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. दोन माणसांचं बिल बघून पाच माणसांचा अंदाज बांधता येत नाही.

थकबाकीचा रकानाही वाचा. कनेक्शन घरमालकाच्या नावावर असलं तरी थकबाकीमुळे वीज तोडली तर अंधारात भाडेकरूच बसतो. बिलावरचा 12 अंकी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट घेतलं की महावितरणच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर किती रक्कम बाकी आहे ते तपासता येतं.

मीटर एक, बिऱ्हाडं तीन

सगळ्यात जास्त फटका इथे बसतो. समजा, एका वाड्यात मालक आणि दोन भाडेकरू एकाच मीटरवर आहेत. प्रत्येकाचे 80 युनिट, म्हणजे एकूण 240. पहिल्या 100 चे 600 आणि उरलेल्या 140 चे 1,680 मिळून 2,280 रुपये. प्रत्येकाच्या वाट्याला 760 येतात. वेगळं मीटर असतं तर 80 युनिट स्वस्त टप्प्यातच राहिले असते आणि 480 रुपयांत भागलं असतं. मालक लबाडी करतोय असं नाही, मीटर एक असल्याने सगळे मिळून महाग टप्प्यात जातात.

वेगळ्या मीटरला स्थिर आकार मात्र पूर्ण भरावा लागतो. तो 130 रुपये धरला तर हिशोब असा होतो:

- सामाईक मीटरची खोली: भाडं 3,500, विजेचे 760 आणि स्थिर आकाराचा तिसरा हिस्सा 43, एकूण सुमारे 4,300 रुपये.
- वेगळ्या मीटरची खोली: भाडं 3,600, विजेचे 480 आणि स्थिर आकार 130, एकूण 4,210 रुपये.

भाड्यात 100 रुपयांनी महाग असलेली खोली महिन्याला 90 रुपयांनी स्वस्त पडली.

सबमीटर असेल तर घरमालक कोणत्या दराने युनिट लावतो ते विचारा. मुख्य मीटरच्या बिलात थकबाकी नसेल तर चालू महिन्याची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट केलं की खरा दर निघतो. मालकाचा दर त्याहून बराच जास्त असेल तर बोलणी तिथेच करावी.

पाण्याचं बिल महिन्याला येत नाही

गावात आणि लहान शहरात नळाला बहुतेक ठिकाणी मीटर नसतो. ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत वर्षाची ठराविक पाणीपट्टी घेते. त्यामुळे महिन्याचं बिल मागून उपयोग नाही, चालू वर्षाची भरलेली पावती मागा. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं. मागची बाकी असेल तर ती कोण भरणार हे आधीच ठरवा.

नळाला पाणी किती दिवसांनी येतं आणि उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो का, हे शेजाऱ्यांना विचारा. टँकरचे पैसे कुठल्याच पावतीवर दिसत नाहीत.

बोअर असेल तर मोटार कोणाच्या मीटरवर आहे ते बघाच. एक एचपीची मोटार तासाला पाऊण ते एक युनिट घेते. रोज अर्धा तास चालली तरी महिन्याला 11 ते 15 युनिट होतात. मोटार भाडेकरूच्या मीटरवर आणि पाणी सगळ्या वाड्याला, असं असेल तर तो खर्च वाटून घ्यायला हवा.

करारात काय लिहून घ्यावं

ताबा घ्यायच्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून तो मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा. करारात तीन गोष्टी असाव्यात: ताब्याच्या दिवसाचं रीडिंग आणि त्याआधीची सर्व थकबाकी मालकाकडे, सामाईक किंवा सबमीटर असल्यास वाटणीची पद्धत व दर, पाणीपट्टी, मोटार आणि टँकर यांचा खर्च कोणाकडे.

मालक बिल दाखवायला तयार नसेल तर मीटरजवळ जाऊन आजचं रीडिंग लिहून घ्या. खोलीत कोणी राहत असेल तर आठवड्याने पुन्हा बघा. फरकाला चारने गुणलं की महिन्याचा ढोबळ अंदाज येतो. पण तो त्या ऋतूपुरताच, मे महिन्याचं त्यातून कळत नाही.