धावेचा आवाज आणि आखाखालचा कंदील

लाकडी चाकाची बैलगाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. चाकावर चढवलेली लोखंडी धाव मुरुमाच्या रस्त्यावर खडखडायची, आखातलं वंगण सुकलं की तुंबा कुरकुरायचा, आणि बैलांच्या गळ्यातली घुंगुरमाळ तर फर्लांगभर आधी वर्दी द्यायची. अंधार पडू लागला की गाडीवान काच पुसून कंदील पेटवायचा आणि गाडीखाली, आखाला टांगायचा. कंदील वर धरला तर गाडीवानाचे डोळे दिपतात आणि पुढचं दिसत नाही. खाली टांगला की बैलांच्या पायांपुढची वाट दिसते, शिवाय तोच उजेड पुढून येणाऱ्याला आणि मागून येणाऱ्यालाही दिसतो. गाडीत कडबा, ऊस, काहीही भरलेलं असो, आखाखालचा दिवा त्याने झाकला जात नसे. अरुंद वाटेवर एकमेकांना सांभाळून घेण्याची सगळी व्यवस्था या दोन गोष्टींवर उभी होती. गाडीला स्वतःचा आवाज होता आणि स्वतःचा उजेड होता.

नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे गोदावरी, भीमा, कृष्णा, पंचगंगेच्या खोऱ्यांत कारखाने वाढत गेले, तशी या वाटांवरची गर्दीही बदलली. गाळपाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. नेमके तेव्हाच दिवस आखूड होतात. नोव्हेंबरअखेर आमच्याकडे पावणेसहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. दिवसभर फडात तोड होते, दुपारनंतर मोळ्या भरतात आणि भरलेली गाडी रस्त्याला लागते ती कातरवेळेलाच. वर्षातली सर्वांत जड वाहतूक आणि वर्षातला सर्वांत लवकर पडणारा अंधार, अशी ही गाठ आहे.

या वाहतुकीत लाकडी चाक टिकलं नाही. हवेच्या टायरची गाडी आली. जुन्या गाडीच्या दुपटीहून अधिक ऊस तीवर बसू लागला आणि बैलांचा घसाराही कमी झाला. पण रबर डांबरावर आवाज करत नाही. धावेची खडखड गेली आणि गाडी मुकी झाली. मागून पाहिलं तर आणखी पंचाईत. समोरून येणाऱ्याच्या दिव्यात बैलांचे डोळे चमकतात, त्यामुळे गाडी आहे एवढं तरी कळतं. मागून मात्र दिसतं ते लोंबणारं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. सांजेला त्यांचा रंग आणि रस्त्याकडेच्या झुडपांचा रंग एकच होतो. आमचे एक चुलते बरीच वर्षं टायरगाडी हाकत होते. ते म्हणायचे, "बैलं म्होरं बघत्यात, मी बैलांकडं बघतो, मागं कोन बघनार?"

मग ट्रॅक्टर आला, आणि त्यामागे एकाला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या. आवाज परत आला खरा, पण तो आता ड्रायव्हरलाच बहिरा करणारा होता. इंजिनाची धडधड आणि वर टेपवरची गाणी, यांत मागच्याचा हॉर्न त्याच्यापर्यंत पोचत नाही. खेड्याचा एकेरी डांबरी रस्ता बारा फुटांचा. उसाची ट्रॉली, बाजूला आलेल्या कांड्यांसकट, आठ फूट खाते. उरले चार फूट. त्यातून मोटारसायकल कशीबशी जाईल, जीपला चाक साईडपट्टीवर उतरवावंच लागतं. ट्रॅक्टरवाला बाजू देत नाही म्हणून लोक चिडतात. पण काळ्या मातीची साईडपट्टी पावसाने खचून डांबराच्या वीतभर खाली गेलेली असते. उंच भरलेल्या ट्रॉलीचं एक चाक तिथे उतरलं की सगळा भार कलतो आणि ट्रॉली उलटते. म्हणून जाणता ड्रायव्हर मोरीजवळ किंवा फाट्यावर रुंद जागा मिळेपर्यंत मधूनच चालतो. त्याच्यामागे तेवढं थांबणं भागच असतं.

थांबायचं नसेल तर हिशेब करून बघावा. ट्रॅक्टर ताशी वीस किलोमीटरने चालला आहे, मोटारसायकल चाळीसने. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून लांबी पंधरा मीटर, मागे-पुढे दहा-दहा मीटर मोकळे सोडले तर पस्तीस मीटर कापायचे. वेगातला फरक वीसचाच, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. सहा-साडेसहा सेकंद लागतात. तेवढ्यात आपण रस्त्यावर सत्तर मीटर पुढे जातो, आणि समोरून चाळीसनेच येणारा गडीही सत्तर मीटर जवळ येतो. म्हणजे जवळजवळ दीडशे मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. मोटारसायकलचा खाली पाडलेला झोत जेमतेम चाळीस-पन्नास मीटर दाखवतो. समोरून बिनदिव्याची सायकल येत असली तर ती निम्म्या वाटेत भेटते.

याहून फसवा प्रकार वळणाचा. ट्रॅक्टरला उजवीकडच्या शेतात किंवा गाडीवाटेला वळायचं असतं. ट्रॉल्यांची मागची चाकं आतून कापतात, म्हणून ड्रायव्हर आधी ट्रॅक्टर डावीकडे घेतो, वेग कमी करतो आणि मग उजवीकडे मुरडतो. मागच्याला वाटतं, बाजू दिली. तो उजवीकडून पुढे घुसतो आणि ट्रॉलीच्या पुढ्यात सापडतो. वळणारा ट्रॅक्टर ओळखायच्या खुणा आहेत. बाजू देणारा वेग राखून कडेला सरकतो आणि हाताने पुढे जायची खूण करतो. वळणारा मंदावतो आणि मान वळवून मागची ट्रॉली बघतो. उजवीकडे बांध फोडलेला किंवा टायरांची ओली माती डांबरावर आलेली दिसली, तर तिथे पुढे काढूच नये.

उजेडाच्या बाबतीत कंदिलाची जागा लाल रिफ्लेक्टरने घेतली. मोटार वाहन नियमांत ट्रॉलीच्या मागे तो सक्तीचा आहे. हंगामाच्या तोंडावर आरटीओची आणि पोलिसांची माणसं कारखान्याच्या गाडीतळावर येऊन बैलगाड्यांनाही पट्ट्या चिकटवतात. पण कंदील स्वतः जळायचा, रिफ्लेक्टर परक्याच्या दिव्यावर जगतो. सूर्य बुडाल्यावरची वीस-पंचवीस मिनिटं आभाळ उजळ असतं. मागचा माणूस "अजून दिसतंय की" म्हणून दिवा लावत नाही, आणि दिवा नाही तर रिफ्लेक्टरही नाही. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. भर उन्हात हे कशाला, म्हणून लोक हसले होते. त्याचा खरा उपयोग ह्या वीस मिनिटांत आहे. तरी धुळीने माखलेला किंवा वाढ्याखाली झाकलेला रिफ्लेक्टर कुठल्याच दिव्याने चमकत नाही.

सर्वांत वाईट ती मोडून उभी राहिलेली ट्रॉली. आख तुटला, टायर फुटला की ती रस्त्यातच राहते. ड्रायव्हर चाकांना धोंडे लावतो, मागे दोन-चार धोंडे मांडतो आणि मिस्त्री आणायला जातो. धोंडा चमकत नाही. दुरुस्ती झाली की ट्रॉली जाते आणि धोंडे तिथेच राहतात, पुढच्या मोटारसायकलवाल्यासाठी.

अलीकडे काही ट्रॉल्यांच्या मागे, वाढ्याच्या खाली येईल असा, बॅटरीवर लुकलुकणारा लाल दिवा टांगलेला दिसतो. बाजारात तो थोड्या पैशांत मिळतो. टांगायची जागा मात्र जुन्या गाडीवानांनी कधीच ठरवून ठेवली होती, ओझ्याच्या खाली आणि आखाच्या जवळ.