एकादशीच्या ताटाची कुळकथा

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. ज्यांना पंढरपूर गाठणं होत नाही, ते आषाढीला नगद नारायण महाराजांच्या पायाशी येतात, बहुतेक उपाशीपोटीच.

हा उपवास मुळात एका दिवसाचा नाहीच. दशमीला एकवेळ जेवायचं, एकादशीला अन्न सोडायचं, रात्री भजन-कीर्तनात जागायचं आणि द्वादशीला पारणं फेडायचं. जड पोटानं कीर्तनाला बसलेल्याची मान लगेच डुलू लागते. जागर आणि लंघन एकत्र का आलं, ते तिथंच कळतं. वारकरी पाळतात ती भागवत एकादशी. सूर्योदयाआधीच्या चार घटकांत, म्हणजे 96 मिनिटांत, दशमी उरली असेल तर ते उपवास दुसऱ्या दिवशी धरतात. म्हणून पंचांगात कधीकधी दोन एकादश्या दिसतात.

पारणंही द्वादशी असेपर्यंतच फेडायचं. भागवतातला अंबरीष राजा इथंच कात्रीत सापडला. पाहुणे दुर्वास नदीवर गेलेले, द्वादशी सरत आलेली, आणि अतिथीच्या आधी जेवणं अधर्म. त्यानं नुसतं पाणी प्यायलं, कारण पाणी पिणं हे खाणंही धरतात आणि न खाणंही.

जुन्या शास्त्रकारांची यादी आणखी उदार आहे. पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही. आठ वर्षांखालच्या आणि ऐंशीपुढच्या माणसाला सक्ती नाही. तेव्हा ‘मी निर्जळी करतो’ असं चारचौघांत सांगत रक्तदाबाची गोळी चुकवणाऱ्याला शास्त्राचाही आधार नाही.

याच कंदमुळांच्या दारातून बटाटा आत आला, आणि साबुदाणाही. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा आणि मिरचीही तिकडचीच. म्हणजे खिचडीचं जवळजवळ अख्खं ताट नव्या जगातलं, आणि आपण त्याला सनातन मानून दोनदा वाढून घेतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच नाही पडली.

भगरीचं प्रकरण मात्र थट्टेचं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये नांदेडच्या लोहा तालुक्यात भगर-आमटीच्या प्रसादातून शेकडो भाविकांना उलट्या-जुलाब झाले. भगर ओल धरते, तिला बुरशी लागते, आणि दळून ठेवलेल्या पिठात ती लवकर वाढते. तयार पीठ घेऊ नये. अख्खी भगर निवडून-धुऊन वाळवावी, लागेल तेवढीच दळावी, आणि कुबट वास आला तर टाकून द्यावी. पंगतीला शिजवलेली भगर तासन्‌तास झाकून ठेवू नये.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, पोटात बाळ असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. रांगेत कुणाला दरदरून घाम फुटला, हात थरथरले, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर साखर उतरली असेल. तो शुद्धीवर असेल तर एकादशी बाजूला ठेवून त्याला लगेच साखरपाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा.