सर्पिल सळईचा गोल स्तंभ

उभ्या सळयांभोवती सुट्या रिंगांऐवजी अखंड सर्पिल सळई गुंडाळलेला काँक्रीटचा स्तंभ. भार वाढला की काँक्रीट बाजूंना फुगते. सर्पिल त्याला आवळून धरते. आयएस ४५६ (२०००) नुसार पुरेसे सर्पिल असल्यास आखूड स्तंभाची क्षमता तशाच रिंगांच्या स्तंभाच्या १.०५ पट धरतात.

महाबळेश्वरच्या इमारतीतला पावसाआडचा, ४०० मिमी व्यासाचा स्तंभ घ्या: एम २५ काँक्रीट, ४० मिमी कव्हर, २० मिमीच्या सहा सळया (एफई ४१५). रिंगा ३०० मिमी अंतरावर चालतात. क्षमता सुमारे १,७६० किलोन्यूटन. ८ मिमी सर्पिलाचे वेढे मात्र ५० मिमीवर हवेत, आणि क्षमता जेमतेम १,८५० होते. सहापट पोलादाला हा मोबदला तुटपुंजाच. खरा लाभ वेगळा: कव्हर उडाल्यावरही गाभा तग धरतो, रिंगांचा स्तंभ एकदम कोसळू शकतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप अनुभवलेल्या सातारा जिल्ह्यात हा फरक मोलाचा.

धुवाधार पावसात उघड्या स्तंभाला एम ३० आणि ४५ मिमी कव्हर लागते. गाभा लहान होतो, वेढे ३६ मिमीवर येतात. मधली फट २८ मिमीच उरते. २० मिमी खडी तिथे अडकून काँक्रीट पोकळ राहू शकते.