रेड्याच्या आधीचे उत्तर



पैठणला रेड्याच्या मुखातून वेद वदले गेले, ही कथा आपण सर्वांनी आईच्या मांडीवर ऐकली आहे. कीर्तनात ती आली की टाळ-मृदंग आपोआप चढतात. पण त्या चमत्काराच्या थोडे आधी ज्ञानदेवांनी भरसभेत एक उत्तर दिले होते. रेडा बोलला तो त्या उत्तरामुळे. आपण रेड्याचे बोलणे लक्षात ठेवले आणि ज्ञानदेवांचे बोलणे मागे पडले. आज आपण त्या उत्तरापाशी थोडा वेळ थांबू. रेड्याकडून वेद म्हणवून घेणे तुमच्या-माझ्या हातचे नाही, पण ते उत्तर शिकता येण्यासारखे आहे.

आधी प्रसंग नीट समोर आणू. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि पुढे गुरूंच्या आज्ञेवरून ते पुन्हा संसारात आले. त्यांना चार मुले झाली. संन्याशाची मुले म्हणून गावाने त्यांना बाहेर ठेवले, मुंज नाकारली. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले तरी मुलांचा प्रश्न सुटला नाही. पैठणच्या धर्मसभेचे शुद्धिपत्र आणा, मग पाहू, असे आळंदीकरांनी सांगितले. पैठण म्हणजे जुने प्रतिष्ठान, गोदाकाठचे शास्त्राचे मोठे पीठ. देवगिरीवर तेव्हा रामदेवराव यादवांचे राज्य होते. परंपरा या प्रसंगाचे साल शके 1209, म्हणजे इसवी सन 1287 मानते. ज्ञानदेवांचा जन्म शके 1197 चा धरला तर ते त्या वेळी बारा वर्षांचे होते. निवृत्तिनाथ चौदा, सोपानदेव दहा आणि मुक्ताई अवघी आठ.

माउली, हे आकडे जरा मनात धरा. आईवडील नसलेली चार पोरे परगावी, विद्वानांच्या सभेत उभी आहेत. त्यांना हवे असलेले पत्र ज्यांच्या हातात आहे, तेच समोर बसले आहेत. नामदेवरायांच्या नावाने चालत आलेल्या ‘आदि’ प्रकरणात आणि पुढे महिपतींच्या भक्तविजयात ही कथा आहे. सभेत मुलांच्या नावांची चर्चा निघाली. एकेकाने आपल्या नावाचा अर्थ सांगितला. ज्ञानदेव हे नाव ऐकून कोणीतरी टोमणा मारला. पाण्याची पखाल वाहणारा एक रेडा तिथून चालला होता. त्याच्याकडे बोट दाखवून तो गृहस्थ म्हणाला, नावात काय आहे, या रेड्याचे नावही ज्ञानाच आहे.

सभा हसली असेल. टोमण्याचा जोर शब्दांत थोडा असतो आणि हसणाऱ्या तोंडांत जास्त असतो. एकट्यात कोणी हेच म्हटले असते तर कानाआड करता आले असते. चारचौघांत मात्र आता हा काय बोलतो, म्हणून सगळे आपल्याच तोंडाकडे बघत असतात.

अशा वेळी सुचणारे मार्ग बहुधा तीन असतात. पहिला, नाकारणे: मी कुठे आणि रेडा कुठे! पण सर्वांभूती एकच आत्मा असे मानणाऱ्या ज्ञानदेवांनी हे म्हटले असते, तर त्यांनी आपलेच तत्त्व भरसभेत मोडले असते. टोमणा मारणाऱ्याला तेच हवे होते. दुसरा, उलटून मारणे: खरा रेडा कोण ते दिसतेच आहे! यावर सभा पुन्हा हसली असती, कदाचित ज्ञानदेवांच्या बाजूने. पण मग शुद्धिपत्राचा विषय बाजूला राहून, पोर उद्धट आहे एवढाच निकाल लागला असता. तिसरा, गप्प राहणे. गप्प राहणे पुष्कळदा चांगलेच असते. पण इथे प्रश्न विचारला गेला होता, मागे धाकटी भावंडे उभी होती, आणि मौनाचा अर्थ सभेने ‘निरुत्तर झाला’ असाच घेतला असता.

ज्ञानदेवांनी यातला एकही मार्ग धरला नाही. कथा सांगते की ते शांतपणे म्हणाले, खरेच आहे, त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही, तोच आत्मा दोघांतही आहे. टोमण्यात जे विशेषण हीन म्हणून फेकले होते, ते त्यांनी उचलले, त्यातला खरा भाग पाहिला आणि तेवढाच स्वीकारला.

इथे एक बारकावा आहे, आणि सारे मर्म त्यातच आहे. ज्ञानदेवांनी रेड्याशी असलेले नाते स्वीकारले, त्या नात्यामागची तुच्छता स्वीकारली नाही. ‘होय महाराज, आम्ही हीनच’ असे ते म्हणाले नाहीत. टोमण्यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या. एक, तू रेड्यासारखा आहेस. दोन, रेडा नीच आहे. पहिली त्यांनी मान्य केली आणि दुसरी त्यांच्या उत्तरामुळे आपोआप गळून पडली. रेड्यातही तोच आत्मा असेल तर रेडा नीच कसा? त्यांनी ना वाद घातला ना माघार घेतली.

शिवाय हा स्वीकार वरवरचा नव्हता. पुढे तो रेडा या भावंडांबरोबर पैठणहून निघाला, आणि जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी त्याला समाधी दिली, असे परंपरा सांगते. ती समाधी आजही तिथे आहे. ज्याच्याशी तुलना करून हिणवले, त्याला ज्ञानदेवांनी सोबती केले. उत्तर मनापासूनचे होते की फक्त जिभेवरचे, ते अशा मागाहूनच्या वागण्यावरून कळते.

आता तुमच्या-माझ्या अंगणात येऊ. समजा, आषाढीच्या तोंडावर नात्यात बारसे आहे. पंगत बसली आहे. पाहुण्यांपैकी एकजण मोठ्याने म्हणतो, “आले टाळकुटे! रानात तण माजलंय आणि हे निघाले पंढरपूरला.” पंगत हसते. या बोलण्याच्याही दोन गाठी सोडवा. रानात तण आहे, हे खरे. वारी म्हणजे कामचुकारपणा, ही तुच्छता. मग पहिल्या गाठीला उत्तर द्या: “तण आहे खरं, पाहुणं. परवा भांगलणीला बाया सांगितल्यात, ते उरकलं की निघतो.” एवढे बोलून ताटातला घास घ्या. वारीचे माहात्म्य त्या पंगतीत सांगायला जाऊ नका. उत्तर एका वाक्याच्या पलीकडे गेले की तो खुलासा होतो, आणि खुलासा लांबला की टोमण्याला नवे फाटे फुटतात.

यात एक चूक हमखास होते. माणूस म्हणतो, “हो बाबा, आम्ही टाळकुटेच, शहाणे काय ते तुम्हीच.” हे वरून स्वीकारल्यासारखे दिसते, पण आत काटा आहे. ‘तुम्हीच’ या शब्दावर जोर येतो आणि बोलताना नजर समोरच्याकडे नसते, हसणाऱ्यांकडे असते. ही खूण ओळखून ठेवा. आपल्या उत्तरानंतर हशा समोरच्यावर उलटला तर आपणही टोमणाच मारला असे समजावे. हशा नुसताच विरला तर ते उत्तर शांत होते.

आणि या उत्तराची मर्यादाही पाहा. ज्ञानदेव शांत बोलले म्हणून पैठणची सभा लगेच शांत झाली नाही. उलट, आत्मा एक असेल तर दाखव, म्हणून रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले गेले आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले, असे कथा सांगते. शांत उत्तराने समोरचा सुधारेलच असे नाही. कधी तो आणखी चिडतो. तसेच, ज्ञानदेवांनी स्वीकारले ते स्वतःबद्दलचे बोलणे. आपल्यासमोर दुसऱ्या कुणाला, एखाद्या दुबळ्याला, सुनेला, लेकराला हिणवले जात असेल, तर त्याच्या वतीने ‘खरंच आहे’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिथे सरळ ‘असे बोलू नये’ म्हणावे.

आता कुणी विचारील, ते ज्ञानोबा होते, त्यांना बोल लागलाच नसेल. आम्हाला लागतो, त्याचे काय? त्यासाठी दुसरा प्रसंग पाहू. एकदा लोकांच्या कठोर बोलण्याने ज्ञानदेवांचे मन इतके विटले की ते खोपटात गेले, ताटी लावून घेतली आणि आत बसून राहिले. तेव्हा मुक्ताईने ताटीबाहेर उभे राहून त्यांना विनवले. तेच आपले ताटीचे अभंग. तिचे म्हणणे साधे आहे. आपल्याच दातांनी आपली जीभ चावली गेली, तर कोणी दात पाडून टाकतो का? बोलणारा आणि ऐकणारा एकाच देहाचे अवयव असतील, तर राग धरायचा कुणावर?

पाहा, माउली, पैठणच्या सभेत ज्ञानदेवांनी जो विचार मांडला, तोच इथे धाकटी बहीण त्यांना सांगते आहे. म्हणजे बोल त्यांनाही लागत होता. चारचौघांत शांत उत्तर दिले म्हणून आतली जखम होत नाही असे नाही; ती घरी आल्यावर दुखते. त्या वेळी आपणच शिकलेले आपल्याला आठवत नाही, आणि ते आठवून देणारे कोणीतरी ताटीबाहेर उभे असावे लागते. म्हणून असा बोल ऐकून घरी आलात, तर तो एकट्याने चघळत बसू नका. घरात, दिंडीत आपली मुक्ताई कोण, ते ओळखून तिच्यापाशी बोला. आणि घरातले कोणी ताटी लावून बसलेले दिसले, तर बाहेर उभे राहण्याची पाळी आपली.

परंपरेच्या सालाप्रमाणे पैठणनंतर तीन वर्षांनी, शके 1212 मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. शेवटी माउलींनी विश्वात्मक देवाकडे मागणे मागितले. त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्या मनातला वाकडेपणा जावा एवढेच मागितले आहे. आपण ते रोज हात जोडून म्हणतो. पुढच्या वेळी म्हणताना, पैठणच्या सभेत रेड्याकडे बोट दाखवणाऱ्या त्या माणसालाही डोळ्यांसमोर आणा. माउलींचे ते मागणे त्याच्यासाठीही होते.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल.