सहा नावांची नोंद

नानांचे सहस्रचंद्रदर्शन जवळ आले तेव्हा गावाने त्यांचा सत्कार ठरवला आणि मानपत्रासाठी परिचय लिहिण्याचे काम माझ्याकडे दिले. नानांनी पाठकोऱ्या कागदावर चारच ओळी लिहून दिल्या: जन्म १९३८, महसूल खात्यात लिपिक १९५९, अव्वल कारकून १९७४, सेवानिवृत्ती १९९६. "टेबलावर आलं ते काम केलं. त्यात आणखी काय लिहिणार तू?" एवढेच ते म्हणाले.

त्यांच्या ट्रंकेत सेवापुस्तकाची नक्कल होती. सेवापुस्तकात बदल्या आणि रजा असतात, कोणते टेबल होते ते नसते. ते कळले तहसीलच्या कार्यविभाजन आदेशाच्या कार्बन प्रतीवरून: जून १९७६ ते मे १९८१ या काळात नानांकडे विवादग्रस्त फेरफार होते.

खातेदार मयत झाला की तलाठी वारसांची नावे ६-क या नोंदवहीत घेतो, मग नमुना ६ मध्ये फेरफार लिहितो आणि संबंधितांना नोटीस काढतो. पंधरा दिवसांत कोणी हरकत घेतली, तर प्रकरण ६-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. त्यावर अव्वल कारकुनापासून वरच्या दर्जाचा अधिकारी निर्णय देऊ शकतो. म्हणजे त्या पाच वर्षांतले निकाल नानांच्या सहीचे असण्याचा संभव होता.

परवानगी काढून मी आमच्या गावाची ६-अ पाहिली. एका फेरफाराचे कागद शाबूत होते. खातेदार १९७७ साली मृत्युपत्र न करता वारला. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन विवाहित मुली. तलाठ्याने वारस म्हणून फक्त दोन मुलगे लावले होते. हिंदू उत्तराधिकार कायद्याने १९५६ पासून पत्नी आणि मुलीही मयताच्या पहिल्या वर्गाच्या वारस आहेत. पण बहिणींची नावे गाळायची, फार तर 'इतर हक्क' या रकान्यात टाकायची, हा गावोगावचा रिवाज. धाकट्या मुलीने मुदतीत हरकत घेतली. उत्तरादाखल भावांनी एक जबाब हजर केला: आम्ही तिघी बहिणी हक्क सोडतो. साधा कागद, खाली ओळीने तीन अंगठे.

त्या जबाबात तिसऱ्या अंगठ्याजवळ पेन्सिलीची बारीक खूण आहे. तिथे 'नि. डा. हा. अं.', म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा, असे लिहून पुढे धाकटीचे नाव घातले आहे. हरकतीच्या अर्जावर मात्र त्याच बाईने अक्षरे सुटी सुटी काढत पूर्ण सही केली आहे. निकालपत्रात नानांनी हा फरक नोंदवला, तिघींना समक्ष बोलावल्याचे लिहिले आणि पुढे सरळ कारण दिले: जमिनीवरचा हक्क सोडायला नोंदणीकृत दस्त लागतो, जबाब पुरत नाही. सहाही नावे कब्जेदार सदरी लावावीत, हिश्श्यांचा वाद दिवाणी न्यायालयात न्यावा. आईचे नाव कोणी मागितलेही नव्हते. तेही त्यांनी लावले. भावांचे अपील प्रांतांनी फेटाळल्याची नोंद त्याच वहीत आहे.

मग मी त्या पाच वर्षांतले असे सारे निकाल काढले. अक्षर नानांचे वाटले म्हणून निकाल त्यांचा धरला नाही. सही जुळायला हवी होती आणि तारीख त्यांच्या हजेरीच्या काळात बसायला हवी होती. नोव्हेंबर १९७८ मधला एक निकाल याच धाटणीचा आहे, पण सेवापुस्तकाप्रमाणे नाना तेव्हा अर्जित रजेवर होते, तो गाळला. उरले अकरा. त्यांत गाळलेल्या तेवीस स्त्रियांची नावे लागली आहेत.

या नोंदींनी काय साधले याला मर्यादा आहे. फेरफाराने मालकी ठरत नाही. वर सांगितलेल्या प्रकरणात १९८६ साली थोरलीचे नाव नोंदणीकृत हक्कसोडपत्राने कमी झाले. पण या वेळी तिला दुय्यम निबंधकापुढे स्वतः जावे लागले. घरात बसून कोणाला तिचा अंगठा उठवता आला नाही.

मी हे सारे नानांना वाचून दाखवले. धाकटीची सही त्यांना आठवत होती. "अर्ज लिहायला तिनं कुणाला तरी पैसे दिले होते, सही मात्र स्वतः केली," ते म्हणाले. "मी तेवढंच पाहिलं. आणि अकरा झाले होते होय? मी कधी मोजले नाहीत."

समितीला मानपत्रात 'शेकडो भगिनींचे तारणहार' हे शब्द हवे होते. मी नकार दिला आणि नानांनी मला दुजोरा दिला. छापलेला परिचय असा आहे: 'जून १९७६ ते मे १९८१ या काळात विवादग्रस्त फेरफारांचे काम पाहताना त्यांनी या गावातील अकरा प्रकरणांत, वारस नोंदीतून गाळलेल्या तेवीस स्त्रियांची नावे कब्जेदार सदरी लावण्याचे निकाल दिले.' त्याखाली, नानांच्या आग्रहावरून, हरकत घेणाऱ्या बायांनी ती मुदतीत आणि स्वतः घेतली होती, हेही लिहिले आहे.